सायकलच्या वहीतले आकडे: डहाणूकर कॉलनी ते शिवाजीनगर

जानेवारीत पुण्यात ऑफिसला सायकलने जायचं ठरवलं तेव्हा मला दोनच प्रश्न पडले होते. किती वेळ लागेल? आणि तो कमी होत जाईल का? ओळखीतल्या सायकलवाल्यांना विचारलं, तर "पंधरा-वीसच्या स्पीडने जाशील गं आरामात" असं उत्तर मिळालं. पंधरा आणि वीस यांत माझ्या अंतराला सात मिनिटांहून जास्त फरक पडतो आणि आमच्याकडे तीन लेटमार्कला अर्धी रजा कापली जाते. म्हणून दोनशे पानी वही घेतली आणि मार्चअखेरपर्यंत सगळं लिहून काढलं. त्यातलं कामाचं तेवढं इथे देते.

सायकल वापरलेली, हायब्रिड, ७०० बाय ३५ टायरची, ७,००० रुपयांना घेतली. हेल्मेट १,५००, पुढचा-मागचा लाइट ७००, कुलूप ५००, गेजवाला उभा पंप १,१००, मडगार्ड ४०० आणि चाकाला लावायचा छोटा मीटर ९००. बेरीज १२,१००. आधी स्कूटर होती. येऊन-जाऊन १५ किलोमीटर आणि शहरात लिटरला ४० चं ॲव्हरेज धरलं, तर रोज ०.३७५ लिटर पेट्रोल लागतं. तेव्हाच्या १०४ च्या आसपासच्या भावाने ते ३९ रुपये होत होते. १२,१०० भागिले ३९ म्हणजे ३१० दिवस. वर्षाचे कामाचे दिवस २४० धरले, तर पैसे वसूल व्हायला सव्वा वर्षाहून जास्त लागणार आणि त्यात दुरुस्तीचा खर्च धरलेलाच नाही. पैसे वाचवायला कोणी सायकल घेत असेल तर हा भागाकार आधी करून बघा.

५ जानेवारी, रविवार. मीटर

मीटरचं लोहचुंबक मागच्या-पुढच्या कुठल्याही चाकाच्या तारेला लागतं, मी पुढच्या चाकाला लावलं. समोरच्या दांड्यावर सेन्सर. चुंबक एकदा समोरून गेलं की मीटर चाकाचा एक फेरा मोजतो आणि त्याला घेराने गुणतो. हा घेर आपण मिलिमीटरमध्ये भरायचा असतो. माझ्या मीटरमध्ये आधीपासून २०९६ भरलेला होता. तो बारीक रेसिंग टायरचा आकडा. ७०० बाय ३५ ला तक्त्यात २१६८ असतो. पण आपण बसल्यावर टायर थोडा दबतो, म्हणून घेर प्रत्यक्ष मोजलेला बरा.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये टायरवर आणि फरशीवर खडूने एका रेषेत खूण केली. मी सायकलवर बसले, भाच्याने हँडल धरून सरळ रेषेत ढकललं आणि पाच फेरे झाल्यावर दुसरी खूण केली. टेपने अंतर भरलं १० मीटर ७५ सेंटिमीटर. भागिले पाच, म्हणजे २.१५ मीटर. मीटरमध्ये २१५० भरलं. हे केलं नसतं तर ७.२ किलोमीटरचं अंतर ७.०२ दिसलं असतं (७.२ × २०९६ ÷ २१५०). सगळे वेग अडीच टक्क्यांनी कमी दिसले असते आणि फोनमधल्या जीपीएसशी रोज भांडण झालं असतं.

मीटरवर दोन गोष्टी बघायच्या. TM म्हणजे चाक फिरत असतानाचा वेळ, सिग्नलला थांबलं की तोही थांबतो. AV म्हणजे त्या वेळेवरून काढलेला सरासरी वेग. घराच्या फाटकापासून ऑफिसच्या फाटकापर्यंतचा एकूण वेळ मात्र मनगटावरच्या घड्याळाने लिहायचा. दोन वेळांची वजाबाकी म्हणजे थांबलेला वेळ. माझ्या वहीचा सगळा जीव या वजाबाकीत निघाला, पण ते कळायला महिना गेला.

पहिला आठवडा, ६ ते १० जानेवारी

रस्ता असा: डहाणूकर कॉलनी, कर्वे पुतळा, पौड फाटा, एसएनडीटी, नळ स्टॉप, गरवारे, खंडुजीबाबा चौक, गुडलक, मग फर्ग्युसन रस्त्याने ज्ञानेश्वर पादुका चौकाच्या अलीकडे ऑफिस. ७.२ किलोमीटर. फर्ग्युसन रस्ता एकेरी असल्यामुळे परतताना जंगली महाराज रस्त्याने यावं लागतं, ते ७.८ पडतं.

सोमवारी थंडी चांगलीच होती, कानटोपी हेल्मेटच्या आत बसेना. पौड फाट्याला पुलाखालून जाताना डावीकडून रिक्षा आणि उजवीकडून बस, अशा बेचक्यात मी सरळ उतरून उभी राहिले. घाबरून उतरावंसं वाटलं तर उतरावं, त्यात अर्ध्या मिनिटाच्या वर जात नाही. नळ स्टॉपला मेट्रोच्या खांबांच्या बाजूने न जाता डावी कड धरली. पण डाव्या कडेला बस थांबतात, त्यामुळे थांब्याच्या बरंच अलीकडे मागे वळून बघायची सवय लावून घेतली.

सकाळचे पाच आकडे: ४४, ४२, ४०, ३९, ४० मिनिटं. बेरीज २०५, भागिले पाच, ४१. चाक फिरतं राहिलं सरासरी ३१ मिनिटं, थांबले १० मिनिटं.

चालता वेग: ७.२ ÷ ३१ × ६० = १३.९ किलोमीटर ताशी.
एकूण वेग: ७.२ ÷ ४१ × ६० = १०.५.

संध्याकाळी ७.८ किलोमीटरला चालता वेळ ३७, थांबलेला ११, एकूण ४८ मिनिटं. नळ स्टॉपपासून कर्वे पुतळ्यापर्यंतचा चढ स्कूटरवर कधी जाणवलाच नव्हता. सायकलवर तो मांड्यांना कळतो.

याच आठवड्यात एक हिशेब पक्का केला. कर्वे पुतळा ते नळ स्टॉप साधारण दोन किलोमीटर आहे. समजा सकाळी तो उतार २० च्या वेगाने गेले आणि संध्याकाळी तोच चढ १२ च्या वेगाने आले. सरासरी किती? पटकन १६ म्हणावंसं वाटतं. पण जाताना ६ मिनिटं लागली आणि येताना १०. चार किलोमीटरला १६ मिनिटं, म्हणजे ताशी १५. हळू भागात आपण जास्त वेळ असतो, म्हणून तो सरासरीला खाली ओढतो. तेव्हा वेगांची सरासरी कधीच काढायची नाही. किलोमीटरांची बेरीज करायची, मिनिटांची बेरीज करायची आणि मग भागायचं.

दुसरा आठवडा. हवा

१२ तारखेच्या रविवारी पंप आला. टायरच्या कडेला ५० ते ७५ पीएसआय असं उठावात छापलेलं होतं. गेज लावलं तर काटा ३० वर. अंगठ्याने दाबून टायर टणकच वाटत होता, म्हणजे अंगठ्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

हवा भरण्याआधी कॉलनीतल्या एका उतारावर छोटा प्रयोग केला. एका विजेच्या खांबाशी सायकल उभी करायची, पाय पेडलवर ठेवायचे, ब्रेक सोडायचा आणि पेडल न मारता कुठपर्यंत जाते ते बघायचं. ३० पीएसआयला तिसऱ्या बंगल्याच्या फाटकाशी थांबली. मग पुढे ५५, मागे ६० भरली, कारण वजन मागच्या चाकावर जास्त येतं. त्याच खांबापासून सोडली ती पाचव्या फाटकाच्याही पुढे गेली. दोन्ही वेळा तीच मी, तेच कपडे, वारा पडलेला. तीन-तीनदा करून बघितलं, जागा फारशी बदलली नाही.

त्या आठवड्यात सकाळचा चालता वेळ ३१ वरून २८.५ वर आला. ७.२ ÷ २८.५ × ६० = १५.२. आठवड्याभरात पाय एवढे सुधारत नाहीत. यातला मोठा वाटा हवेचाच, उताराच्या प्रयोगामुळे हे खात्रीने म्हणता येतं. ट्यूबमधून हवा आपोआप थोडी थोडी जात राहते, म्हणून आता दर रविवारी गेज लावते. माझे व्हॉल्व्ह स्कूटरसारखे जाड आहेत, त्यामुळे पेट्रोल पंपावरही हवा भरता येते. बारीक व्हॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर घेऊन ठेवावा.

आणखी एक हिशेब, कारण याच वेळी मला वाटायला लागलं होतं की अशीच प्रगती होत राहणार. ७.२ किलोमीटरला वेग १२ असेल तर ३६ मिनिटं लागतात, १३ असेल तर ३३.२. म्हणजे ताशी एक किलोमीटर वाढला आणि पावणेतीन मिनिटं वाचली. आता २० वरून २१ वर गेलात तर २१.६ वरून २०.६, म्हणजे जेमतेम एक मिनिट. वाढ तेवढीच, बचत एक तृतीयांशाच्या आसपास. सुरुवातीच्या आठवड्यांत वेळ झरझर उतरतो तो या भागाकारामुळेही. पुढे तो अडला की पायांत दम नाही असं समजू नये.

तिसरा आठवडा. सीट आणि अर्ज

कर्वे पुतळ्याजवळ एक सायकलवाले काका आहेत. ब्रेकची तार ताणून घ्यायला थांबले तर माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, सीट दोन इंच वर घ्या. गुडघे पोटात मारताय तुम्ही."

"पण मग पाय टेकत नाहीत हो काका."

"टेकायचेच कशाला बसल्या बसल्या? थांबलात की पुढे सरकून उतरायचं."

त्यांनी दाखवलेली पद्धत: भिंतीला धरून बसायचं, टाच पेडलवर ठेवायची आणि पेडल सगळ्यात खाली न्यायचं. त्या वेळी पाय सरळ झाला पाहिजे. मग प्रत्यक्ष चालवताना पंजा पेडलवर असतो, त्यामुळे गुडघ्याला थोडा बाक राहतो. मी एकदम दोन इंच घेतलं नाही, दोन-तीन दिवसाआड सेंटिमीटरभर वर घेत गेले. सीटच्या दांड्यावर एक रेघ कोरलेली असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसली म्हणजे दांडा जास्त उपसला गेला. तिथे थांबायचं. चालता वेळ २७.५ वर आला, म्हणजे १५.७. त्याहून महत्त्वाचं म्हणजे संध्याकाळच्या चढावर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला येणारी कळ थांबली.

२० जानेवारीला ऑफिसच्या पार्किंगसाठी अर्ज दिला. तोवर सायकल बाहेर भिंतीला टेकून ठेवत होते आणि दिवसभर जीव तिच्यात अडकलेला असायचा. छापील अर्जात वाहन क्रमांक, आरसी बुकाची प्रत, विम्याची प्रत, तिन्ही रकाने सक्तीचे. सायकलला यातलं काहीच नसतं. ॲडमिनच्या बाईंनी आठवडाभर अर्ज ठेवून घेतला आणि 'अपूर्ण' शेरा मारून परत केला. मग खरेदीची पावती जोडली आणि वाहन क्रमांकाच्या रकान्यात फ्रेम नंबर लिहिला. तो बहुतेक सायकलींना पेडलच्या आसाखाली ठोकलेला असतो, सायकल उलटी केली की दिसतो. बाकीच्या दोन रकान्यांत 'लागू नाही' लिहून साध्या कागदावर एक विनंतीपत्र दिलं. ३ फेब्रुवारीला साहेबांची सही झाली, ११ ला स्टिकर हातात आला. तो चारचाकीच्या काचेला आतून लावायचा होता. मी मागच्या मडगार्डवर सेलोटेपने चिकटवला. तुमच्याकडेही असं असेल तर फ्रेम नंबरचा फोटो आणि पावतीची झेरॉक्स पहिल्याच दिवशी जोडा, दोन आठवडे वाचतील.

याच दरम्यान वहीत आणखी एक रकाना आला, 'टेबलापर्यंत'. कुलूप लावणं दोन मिनिटं, तोंड-हात धुऊन कुर्ता बदलणं, केस सारखे करणं नऊ मिनिटं. एकूण ११. स्कूटरवर रस्त्याची २७ आणि वर ४, म्हणजे ३१ मिनिटांत मी टेबलावर असायची. सायकलवर तेव्हा ३७.५ अधिक ११, साडेअठ्ठेचाळीस. सायकल स्कूटरपेक्षा वेगवान पडते असं लोक सांगतात, त्यांत कपडे बदलायचा वेळ धरलेला असतो का ते विचारून घ्यावं.

पाचवा आठवडा. आकडा अडतो

चौथ्या आणि पाचव्या आठवड्यात चालता वेळ २७ वर आला, वेग बरोबर १६. एकूण वेळ ३७. आणि तिथेच अडला. मी चिडून नळ स्टॉपच्या अलीकडे जोर लावायला लागले, घामाघूम होऊन सिग्नलला पोचायचे आणि उभी राहायचे.

तेव्हा थांबलेल्या वेळेचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. १०, १०, १०, १०, १०. पाच आठवड्यांत चालता वेळ ४ मिनिटांनी उतरला होता आणि थांबलेला वेळ जागचा हलला नव्हता. ३७ मिनिटांतली १०, म्हणजे २७ टक्के वेळ, मी सायकल धरून उभी होते.

मग एका सकाळी नळ स्टॉपला बाजूला उभं राहून घड्याळ लावलं. त्या वेळी माझ्या दिशेला लाल ९० सेकंद आणि हिरवा ४५ होता, पिवळा मी हिरव्यात धरला. पूर्ण चक्र १३५ सेकंदांचं. आपण कुठल्याही क्षणी पोचतो असं धरलं, तर लाल लागण्याची शक्यता ९० ÷ १३५, म्हणजे तीनांत दोन. लाल लागला तर कधी ९० सेकंद थांबावं लागतं, कधी ५, सरासरी ४५. म्हणून दर दिवशी सरासरी ताटकळणं ४५ × २ ÷ ३ = ३० सेकंद. माझ्या रस्त्यावर लहान-मोठे सिग्नल धरून अशी बरीच ठिकाणं आहेत. त्यात पहिल्या हिरव्यात गर्दीमुळे चौक पार होत नाही ते वेगळं.

आता जोर लावण्याचा हिशेब. दोन सिग्नलमधलं अंतर १.२ किलोमीटर असलं, तर १६ च्या वेगाने साडेचार मिनिटं लागतात, २० ने ३.६. वाचले ५४ सेकंद. पण तुम्ही जोरात पोचल्यावर पुढचा सिग्नल जर ८० सेकंदांनी हिरवा होणार असेल, तर तुम्ही ५४ सेकंद लवकर येऊन तेवढेच जास्त उभे राहता. कधी उलटही होतं आणि हिरवा गाठता येतो. पण रोजच्या सरासरीत मला त्या जोराचं काहीच मिळालेलं दिसलं नाही. मीटरवरचा AV मात्र वाढत होता. तो मीटर थांबलेल्या वेळेला मोजतच नाही, त्याला काय जातंय!

सातवा-आठवा आठवडा. दोन रस्ते

थांबणं कमी करायचं तर सिग्नल कमी हवेत. नळ स्टॉपला डावीकडे लॉ कॉलेज रस्त्याला लागायचं, फिल्म इन्स्टिट्यूटवरून पुढे, उजवीकडे भांडारकर रस्ता, त्याने गुडलकला यायचं आणि मग नेहमीचा फर्ग्युसन रस्ता. अंतर ७.६, म्हणजे ४०० मीटर जास्त. नळ स्टॉपला डावं वळण असल्यामुळे तिथलं ताटकळणं बरंचसं गेलं आणि गरवारे, खंडुजीबाबा हे दोन्ही चौक टळले. झाडांची सावली आहे, ती फेब्रुवारीत कळत नाही, मार्चमध्ये कळते.

एक आठवडा जुना आणि एक आठवडा नवा असं करून तुलना केली नाही. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची सुट्टी, २६ ला महाशिवरात्र, मधल्या दिवसांत अर्ध्या शहराने जोडून रजा काढलेली. असा आठवडा ज्या रस्त्याच्या वाट्याला येईल तो रस्ता जिंकणार. म्हणून एक दिवस हा, एक दिवस तो, असं आलटून पालटून केलं आणि दुसऱ्या आठवड्यात वार उलटे केले.

जुना रस्ता: ७.२ किलोमीटर, चालता २७, थांबलेला १०, एकूण ३७.
नवा रस्ता: ७.६ किलोमीटर, चालता २९, थांबलेला ५, एकूण ३४.

इथे आकडे गंमत करतात. चालता वेग बघितला तर ७.६ ÷ २९ × ६० = १५.७, म्हणजे मी आधीपेक्षा हळू झाले. एकूण वेग बघितला तर ७.६ ÷ ३४ × ६० = १३.४, जुन्या रस्त्याला ७.२ ÷ ३७ × ६० = ११.७, म्हणजे जवळपास १५ टक्के वाढ. आणि वेळ बघितला तर ३७ चे ३४, फक्त ८ टक्के बचत. लांबून गेल्यामुळे एकूण वेग उगाच जास्त फुगला. तिन्हींतलं खरं एकच, मी तीन मिनिटं आधी पोचले. रस्ता बदलला की वेगांची तुलना बाजूला ठेवून मिनिटांची करायची, हे त्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवलं आहे.

निवडक आठवडे एकत्र, सगळे सकाळचे:

| आठवडा | किमी | एकूण मि. | चालता | थांबलेला | चालता वेग |
|---|---|---|---|---|---|
| १ | ७.२ | ४१ | ३१ | १० | १३.९ |
| २ | ७.२ | ३८.५ | २८.५ | १० | १५.२ |
| ३ | ७.२ | ३७.५ | २७.५ | १० | १५.७ |
| ५ | ७.२ | ३७ | २७ | १० | १६.० |
| ८ (नवा रस्ता) | ७.६ | ३४ | २९ | ५ | १५.७ |
| १२ (नवा रस्ता) | ७.६ | ३३.५ | २८.५ | ५ | १६.० |

नववा आठवडा. पंक्चर

३ ते ७ मार्चचे आकडे: ३४, ३५, ३३, ७१, ३४. गुरुवारी भांडारकर रस्त्यावर मागचं चाक बसलं. ढकलत जवळच्या पंक्चरवाल्याकडे गेले. ६० रुपये घेतले, काम झटपट केलं, पण ट्यूब परत आत घालायच्या आधी मी टायर तपासायला सांगितलं. काकांनी कर्वे पुतळ्याला असताना हे बजावून ठेवलं होतं. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा, जिथे अडकेल तिथे बघायचं. अर्ध्या नखाएवढी गंजकी तार निघाली. फुटलेल्या मोठ्या टायरांच्या अशा तारा रस्त्याच्या कडेला पडलेल्या असतात. ती आत राहिली असती तर संध्याकाळी परत तेच.

या आठवड्याची सरासरी २०७ ÷ ५ = ४१.४. म्हणजे वहीनुसार मी पहिल्या आठवड्याइतकीच हळू! पाचांतल्या चार दिवशी ३५ च्या आत असताना ४१ हा आकडा कुठल्याच दिवसाचं वर्णन करत नाही. म्हणून आकडे चढत्या क्रमाने लावले: ३३, ३४, ३४, ३५, ७१. मधला ३४. तेव्हापासून आठवड्याला मधला आकडा धरते आणि असा एखादा दिवस खोडत नाही, शेजारी कारण लिहिते. पंक्चर हेही सायकलचंच आहे, वर्षभरात ते किती वेळा होतं हे मला पुढे बघायचंय.

मार्चचा उत्तरार्ध. संध्याकाळ आणि निघायची वेळ

संध्याकाळचा चालता वेळ ३७ वरून ३२ वर आला, ७.८ ÷ ३२ × ६० = १४.६. एकूण ४४, कारण संध्याकाळी डेक्कनला थांबणं उलट एका मिनिटाने वाढलं. धुळवडीनंतर ऊन तापायला लागलं तसा मी चढावर मुद्दाम एक गिअर हलका टाकायला लागले. मिनिटभर जास्त जातं, घरी पोचल्यावर अर्धा तास पंख्याखाली पडून राहावं लागत नाही. पाण्याची बाटली सकाळी अर्धी पुरते, संध्याकाळी पूर्ण.

बारा आठवड्यांनंतर ज्या आकड्याचा मला रोज उपयोग होतो तो सरासरी नाहीच. ऑफिस ९.४५ चं. सरासरीवर निघाले तर निम्म्या दिवशी उशीर होणार. म्हणून पंक्चरसारखे दिवस आणि पहिला आठवडा सोडून बाकीच्यांतला सगळ्यात वाईट आकडा घेतला. जुन्या रस्त्याचा ४३ होता, नव्याचा ३७. त्यात टेबलापर्यंतची ११ आणि हातात ५ मिनिटं धरली.

जुना रस्ता: ४३ + ११ + ५ = ५९, निघायची वेळ ८.४६.
नवा रस्ता: ३७ + ११ + ५ = ५३, निघायची वेळ ८.५२.

सरासरीत दोन रस्त्यांचा फरक तीनच मिनिटांचा, पण घरून निघायला सहा मिनिटं जास्त मिळाली. नव्या रस्त्याचे दिवस एकमेकांसारखे असतात, जुन्यावर एखाद्या दिवशी खंडुजीबाबा चौकाची लहर लागायची. मी ८.५० ला निघते. पंक्चरच्या दिवशी लेटमार्क लागणार, तो लागू दे.

एप्रिलपासून वहीत एकूण वेळ, थांबलेला वेळ आणि रविवारची हवा एवढंच लिहायचं ठरवलं आहे. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की ओल्या ब्रेकचा आणि रेनकोट वाळत घालण्याचा रकाना वाढवावा लागेल. आणि पार्किंगचा पास ३१ मार्चला संपतो, तो आर्थिक वर्षाचा असतो म्हणे. नव्या वर्षाचा अर्ज परवा आणला. वाहन क्रमांक, आरसी, विमा, तिन्ही रकाने जिथल्या तिथे आहेत. यंदा विनंतीपत्राच्या चार झेरॉक्स काढून ठेवल्यात.